१७. थरथरणारा रिमोट

सिल्वासाच्या गेम पार्लरमधला लेखकाचा हा ‘रिमोट’ म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशनचा ड्युअलशॉक कंट्रोलर. जपानमध्ये तो नोव्हेंबर १९९७मध्ये आला. जुन्या रिमोटवरच्या बाणाच्या बटणाला दाबले किंवा सोडले एवढेच कळे, त्यामुळे गाडी वळवायची तर बटण टकटक दाबत बसावे लागे. ड्युअलशॉकच्या दोन ॲनालॉग दांड्यांपैकी प्रत्येक किती झुकली तेही मोजले जाते. तिच्याखाली आडव्या आणि उभ्या दिशेसाठी एकेक पोटेन्शिओमीटर असतो, आणि दांडीची जागा ० ते २५५ या आकड्यांत यंत्राला कळते. मधोमध साधारण १२८. पोटेन्शिओमीटर झिजला की हात न लावताही आकडा मध्यापासून ढळतो. मूळ मजकुराच्या पुढच्या परिच्छेदात खेळाडू ‘भूत लागल्यासारखा’ चालू लागतो, तो बहुधा यामुळेच. निन्टेन्डो ६४ला १९९६मध्येच अशी एक दांडी होती. दुसऱ्या दांडीचा खरा उपयोग ‘एप एस्केप’ (१९९९) या खेळाने दाखवला: डावीने धावायचे, उजवी ढकलू त्या दिशेला जाळे फिरवायचे. ड्युअलशॉकशिवाय तो खेळताच येत नसे. थरथर दोन मोटरींची, प्रत्येकीच्या आसावर एका बाजूला कललेले वजन. डावीकडची मोठी मोटर कमी-जास्त वेगाने फिरते, उजवीकडची धाकटी नुसती चालू किंवा बंद. निन्टेन्डोच्या १९९७च्या रम्बल पॅकला वेगळे सेल घालावे लागत. ड्युअलशॉकला वीज यंत्राच्या वायरीतूनच येई.