तेच रेटिंग, वेगळे टक्के: पगारवाढीच्या तक्त्याचा मागोवा

दिव्यात एकाच इमारतीत रेल्वेत नोकरी करणारं घर आणि ऐरोली-ठाण्याच्या खासगी कार्यालयात जाणारं घर शेजारी-शेजारी राहतं. दोन्ही घरांत दरवर्षी पगारवाढ होते. रेल्वेतल्या माणसाला आपली पुढची वाढ किती हे आजच सांगता येतं. खासगीतल्याला पत्र हातात पडेपर्यंत काही कळत नाही, आणि पत्र आल्यावरही एक प्रश्न उरतो: शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला माझंच रेटिंग मिळालं, मग त्याला तेरा टक्के आणि मला सहा का? उत्तर एका छोट्या तक्त्यात असतं. तक्त्याच्या डाव्या कडेला रेटिंग आणि वरच्या ओळीत पगाराच्या पट्ट्यातली जागा. दोन्ही जिथे मिळतात त्या चौकोनातला आकडा म्हणजे आपली वाढ.

आपल्याकडे या तक्त्याचा एक पूर्वज सरकारी आहे. 1 जानेवारी 1922 पासून लागू झालेल्या मूलभूत नियमांनी वार्षिक वेतनवाढ जवळजवळ हक्काची केली. ती रोखायची तर वरिष्ठाला स्वतंत्र आदेश काढावा लागे. पण याच नियमांत एक अडसरही होता, दक्षतारोध. तिसऱ्या वेतन आयोगाने केंद्राच्या कनिष्ठ लिपिकाला दिलेली श्रेणी अशी लिहीत:

260-6-290-द.रो.-6-326-8-366-द.रो.-8-390-10-400

ही ओळ म्हणजे वीस वर्षांचं आयुष्य आहे. पाच वर्षं सहा-सहा रुपये, मग 290 वर पहिला रोध. तिथे गोपनीय अहवाल पाहून, काम समाधानकारक असल्याचा निर्णय झाला तरच पुढची पायरी. 366 वर पुन्हा तसंच. म्हणजे पगाराच्या पट्ट्यात तुम्ही कुठे आहात आणि तुमचं काम कसं आहे, या दोन गोष्टींची गाठ इथेही पडत होती, पण फक्त दोन ठिकाणी. उत्तरही दोनच प्रकारचं असे: सोडा किंवा अडवा. उत्तम लिपिक आणि ठीकठाक लिपिक, दोघेही सहा रुपयेच घेऊन पुढे जात.

पाचव्या वेतन आयोगाच्या श्रेण्यांमधून हे रोध गेले. सातव्या आयोगाने 2016 पासून जो तक्ता आणला, त्यात आडव्या दिशेने स्तर आहेत आणि उभ्या दिशेने वर्षं. पहिल्या स्तरावर 18,000, मग 18,500, मग 19,100, असं साधारण तीन टक्क्यांनी दरवर्षी एक घर खाली उतरायचं. त्या वाढीत रेटिंग मोजलं जात नाही. रेल्वेतल्या शेजाऱ्याला आकडा आधीच कळतो तो त्यामुळे.

खासगी तक्त्याची दुसरी वंशरेषा अमेरिकेतली. फिलाडेल्फियाच्या एडवर्ड हे यांनी 1943 मध्ये सल्लागार संस्था काढली, आणि कामाचं वजन गुणांत मोजण्याची त्यांची पद्धत पुढच्या दशकांत जगभर गेली. अशा मोजणीतून प्रत्येक पदाला एक मध्यबिंदू मिळतो: ते काम पूर्णपणे जमणाऱ्या माणसाला बाजारात जे मिळतं, साधारण ते. मध्यबिंदूच्या खाली-वर वीसेक टक्के घेतले की पट्टा तयार. आता कोणाचाही पगार मध्यबिंदूच्या किती टक्के आहे हे सांगता येतं. या प्रमाणाला एचआरवाले कंपा-रेशो म्हणतात. तक्त्याची वरची ओळ याच प्रमाणाची.

1978 च्या कायद्याने अमेरिकी सरकारने आपल्या मधल्या फळीतल्या अधिकाऱ्यांनाही गुणवत्तेवरची वाढ लावली. 1984 मध्ये ती पद्धत बदलली आणि 1993 मध्ये गुंडाळली. जिथे ती टिकली, त्या कंपन्यांच्या जगातून ती आपल्या कार्यालयांत आली. कामगार संघटनेच्या करारात मात्र ती फारशी शिरली नाही. तिथे वाढ बहुधा सगळ्यांना मिळून ठरते. ज्यांना एकेकट्याला पत्र मिळतं, त्यांच्यावर हा तक्ता चालतो.

समजा एका पदाचा पट्टा 4.80 लाख ते 7.20 लाख आहे आणि मध्यबिंदू 6 लाख. ‘अपेक्षेपेक्षा चांगलं’ या रेटिंगच्या ओळीत तीन चौकोन आहेत: मध्यबिंदूच्या 90 टक्क्यांखाली असाल तर 13 टक्के, 90 ते 110 मध्ये 10 टक्के, त्यावर 6 टक्के. नवी मुलगी 4.80 लाखांवर आहे, म्हणजे प्रमाण 80. तिला 13 टक्के, म्हणजे 62,400 रुपये. नऊ वर्षं टिकलेला सहकारी 6.90 लाखांवर आहे, प्रमाण 115. रेटिंग तेच, वाढ 6 टक्के, म्हणजे 41,400. पण त्याने तो 7.31 लाखांवर जातो आणि पट्टा 7.20 ला संपतो. मग 30,000 पगारात मिळवतात आणि उरलेले 11,400 एकरकमी देतात. ही रक्कम मूळ पगारात जात नाही, त्यामुळे तिच्यावर पुढच्या वर्षी वाढ नाही, आणि पीएफ-ग्रॅच्युइटीच्या हिशेबातही ती धरली जात नाही.

यामागचं तर्कशास्त्र मला मान्य आहे. सगळ्यांना सारखे टक्के दिले तर जुना माणूस पट्ट्याबाहेर जातो आणि नवा माणूस बाजारभावाच्या खालीच राहून नोकरी सोडतो. तक्ता दोघांनाही मध्यबिंदूकडे ओढतो. मला खुपतं ते वेगळं. पत्रात रेटिंग छापतात, मध्यबिंदू छापत नाहीत. अर्धा हिशेब लपवला की जुन्या माणसाला वाटतं, आपल्या कामात खोट निघाली.

शिवाय चौकोनांतले आकडे पगाराच्या बजेटमधून उलटे येतात. समजा कंपनीने एकूण 8 टक्के ठरवले. प्रत्येक चौकोनात एकूण पगाराचा किती हिस्सा बसतो त्याला त्या चौकोनाच्या टक्क्यांनी गुणायचं, आणि सगळी बेरीज 8 यायला हवी. साहेबांनी सढळ हाताने रेटिंग दिली आणि बेरीज 9.2 झाली, तर दोनच वाटा उरतात. एक, रेटिंग घंटाकार आलेखात कोंबायची, म्हणजे काहींचं रेटिंग मागाहून उतरवायचं. दुसरी, सगळे चौकोन सारख्या प्रमाणात आटवायचे: 13 चे 11.3, 10 चे 8.7. रेटिंग एकदा कळवल्यानंतर बदललं असेल, तर कोणती वाट धरली ते ओळखू येतं.

याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट क्रमाची आहे. बाजार चढतो तसा पट्टाही दरवर्षी सरकवतात. समजा यंदा तो 6 टक्क्यांनी सरकला आणि मध्यबिंदू 6.36 लाख झाला. आधी पट्टा सरकवून मग प्रमाण काढलं, तर आपल्या नऊ वर्षांच्या माणसाचं प्रमाण 115 नव्हे, 108.5 येतं. तो मधल्या चौकोनात जातो आणि त्याची वाढ 10 टक्के, म्हणजे 69,000 होते. पट्ट्याची नवी कमाल 7.63 लाख असल्याने सगळी रक्कम पगारातच बसते. माणूस तोच, काम तेच, रेटिंग तेच, आणि फरक 27,600 रुपयांचा. एचआरला विचारायचा प्रश्न म्हणूनच असा हवा: माझ्या पदाचा मध्यबिंदू किती, आणि माझी जागा जुन्या पट्ट्यावर मोजली की नव्या?

पट्टा सरकलाच नाही, तर उजव्या टोकाला पोचलेल्या माणसाला पद बदलण्यावाचून मार्ग राहत नाही. वरच्या पदाचा मध्यबिंदू 7.80 लाख असेल, तर त्याच्या 7.20 लाखांचं प्रमाण एकदम 92 होतं, आणि पुढच्या एप्रिलमध्ये तो पुन्हा 10 टक्क्यांच्या चौकोनात असतो.