चौकडी (कापडावरील नक्षी)

चौकडी म्हणजे उभ्या आणि आडव्या रंगीत धाग्यांच्या छेदातून कापडावर तयार होणारी चौकोनांची नक्षी. ती बहुधा छापलेली नसते, विणतानाच तयार होते. टार्टन, विंडोपेन आणि ग्लेन हे तिचे तीन प्रसिद्ध प्रकार होत. या तिन्हींना बोलीत सरसकट ‘चेक्स’ म्हटले जात असले, तरी चौकोनाचे आकारमान, रंगांची मांडणी आणि पोशाखाला येणारा भाव या तीन बाबतींत ते वेगळे आहेत.

रचना

मागावर लांबीच्या दिशेने ताणलेले धागे म्हणजे ताणा व त्यांना छेदत जाणारे धागे म्हणजे बाणा. रंगीत धागे ताण्यात ठरावीक क्रमाने भरले, की उभे पट्टे मिळतात. तोच क्रम बाण्यातही पाळला, की चौकडी उमटते. टार्टन व ग्लेन ही कापडे परंपरेने ट्विल विणीत विणतात. या विणीत प्रत्येक धागा दोन धाग्यांवरून व दोन धाग्यांखालून जातो आणि हा टप्पा दर ओळीला एका धाग्याने सरकतो. त्यामुळे कापडावर बारीक तिरप्या रेषा दिसतात.

टार्टन

टार्टनचा संबंध स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाशी आहे. तेथील १७४५ च्या उठावानंतर ब्रिटिश संसदेने १७४६ मध्ये कायदा करून डोंगरी पोशाखावर बंदी घातली. ती १७८२ मध्ये उठली. टार्टनमध्ये निरनिराळ्या रुंदीच्या पट्ट्यांचा क्रम ठरलेला असतो. बहुतेक टार्टनमध्ये तो क्रम एका टोकापर्यंत जाऊन आरशातील प्रतिबिंबासारखा उलट फिरतो.

‘ब्लॅक वॉच’ या टार्टनमध्ये काळा, निळा आणि हिरवा असे तीनच रंग आहेत. जेथे एका रंगाचा ताणा त्याच रंगाच्या बाण्याला भेटतो, तेथे रंग शुद्ध दिसतो. जेथे दोन रंग भेटतात, तेथे मिश्र छटा दिसते. अशा तीन शुद्ध व तीन मिश्र मिळून सहा छटा होतात. या कापडात ‘पार्श्वभूमी’ अशी वेगळी राहत नाही. सगळी जागा पट्ट्यांनी व्यापलेली असते. म्हणून टार्टन पोशाखात सर्वांत आधी डोळ्यांत भरते व सणासुदीचा किंवा मोकळ्या हवेतील वावराचा भाव देते. त्याच्या जोडीला एकरंगी कपडे शोभतात.

विंडोपेन

विंडोपेनची मांडणी याच्या अगदी उलट असते. एकरंगी कापडावर बारीक रेषा दूर दूर अंतरावर येतात आणि खिडकीच्या काचांसारखे मोठे, रिकामे चौकोन पडतात. चौकोनाची उंची अनेकदा रुंदीपेक्षा थोडी अधिक असते. येथे रंग दोनच असले, तरी आकारमान मोठे असल्याने नक्षी दुरूनही ओळखू येते. रेषा व कापड यांच्या रंगांत फरक जितका जास्त, तितका पोशाख ठळक व धीट वाटतो. फरक कमी असेल, तर तो संयत राहतो. आडव्या रेषांमुळे अंग रुंद भासू शकते.

ग्लेन

या नक्षीचे नाव स्कॉटलंडमधील ग्लेन अर्कार्ट या खोऱ्यावरून आले आहे. पारंपरिक ग्लेनमध्ये चार गडद व चार फिक्या धाग्यांचा एक पट्टा आणि दोन गडद व दोन फिक्या धाग्यांचा दुसरा पट्टा ताण्यात व बाण्यात आलटून पालटून येतो. चार-चारचे पट्टे जेथे एकमेकांना छेदतात, तेथे दातेरी ठिपके उमटतात. दोन-दोनचे पट्टे भेटतात, तेथे अतिशय बारीक नक्षी होते. उरलेल्या भागांत बारीक रेघा दिसतात. म्हणजे एका मोठ्या चौकोनात चार वेगवेगळे पोत असतात. काळ्या-पांढऱ्या धाग्यांचे असे कापड काही पावलांवरून राखाडी दिसते. त्यामुळे ग्लेन कार्यालयीन सुटासाठी सोयीचे ठरते व शांत, भारदस्त भाव देते. त्यावर निळ्या किंवा तांबड्या रंगाची विरळ चौकट घातली, की त्याला सामान्यतः ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ म्हणतात. ती चौकट विंडोपेनसारखी दिसली, तरी तिच्याखाली ग्लेनची नक्षी असते, हीच दोघांतील फरकाची खूण.

विणकाम व शिवणकामातील दोष

ताणा व बाणा यांची दाटी सारखी नसेल, तर चौकोन बिघडतो. समजा, एका इंचात ताण्याचे ६० व बाण्याचे ५० धागे आहेत. १२० धाग्यांची चौकडी भरल्यास रुंदी २ इंच, पण उंची २.४ इंच येईल. चौकोन साधण्यासाठी बाण्यात १०० धागेच भरावे लागतील.

शिवताना खिसा, बाजूची शिवण व पुढचे दोन भाग येथे रेषा जुळवाव्या लागतात. त्यासाठी कापड जास्त लागते व चौकडी मोठी असेल, तितकी ही वाढ अधिक असते. विंडोपेनमध्ये चूक लगेच दिसते, कारण रेषा तुटलेली जाणवते. ग्लेनच्या बारीक पोतात किरकोळ फरक लपून जातो, मात्र वरची रंगीत चौकट असल्यास तो उघडा पडतो.

महाराष्ट्रातील वापर

इरकली साड्यांच्या अंगावर चौकडी पूर्वीपासून आढळते. विटा व इचलकरंजी ही यंत्रमागाची केंद्रे आहेत. राज्यातील अनेक शाळांच्या गणवेशात चौकडीचे शर्ट असतात. त्यांतील अनेक चौकड्या टार्टनच्या धर्तीवर असल्या, तरी सुती व साध्या विणीच्या असतात. साध्या विणीत धागा एकाआड एक वर-खाली जात असल्याने तिरप्या रेषा दिसत नाहीत. असे कापड हाती घेतल्यास आधी पार्श्वभूमी शिल्लक आहे का ते पाहावे, मग रेषांमधील अंतर आणि शेवटी जवळून पोत पाहावा. या क्रमाने तिन्ही प्रकार वेगळे ओळखता येतात.