मॅशअपमधील मूळ गाण्यांची सूची

मॅशअपमधील मूळ गाण्यांची सूची म्हणजे डीजेने दोन किंवा अधिक ध्वनिमुद्रणे एकत्र करून वाजवलेल्या रचनेत कोणकोणती मूळ गाणी आहेत, त्यांची क्रमवार नोंद होय. समारंभात ऐकलेल्या मिश्रणात एका गाण्याचा आवाज, दुसऱ्याचे वाद्यसंगीत आणि तिसऱ्याचा ठेका एकाच वेळी वाजत असतो. त्यामुळे नुसती गाण्यांची नावे गोळा करणे पुरेसे नसते. कोणत्या गाण्यातून कोणता थर घेतला आहे, हेही सूचीत यावे लागते. काही कलाकार अशी सूची स्वतःच प्रसिद्ध करतात. 'गर्ल टॉक' या नावाने संगीत करणारे अमेरिकी कलाकार ग्रेग गिलिस यांच्या 'ऑल डे' (२०१०) या संग्रहात ३७२ तुकडे वापरलेले असून त्यांची यादी त्यांनीच उपलब्ध करून दिली होती. इतर बहुतेक वेळी हे काम श्रोत्यांनाच करावे लागते.

## ध्वनिमुद्रण आणि रचना

सूची करताना पहिला भेद ध्वनिमुद्रण आणि रचना यांत करावा लागतो. रचना म्हणजे शब्द व चाल. ध्वनिमुद्रण म्हणजे ती रचना एका विशिष्ट वेळी गाऊन-वाजवून साठवलेला आवाज. 'सैराट' (२०१६) या चित्रपटातील अजय-अतुल यांचे 'झिंगाट' आणि 'धडक' (२०१८) या हिंदी चित्रपटातील त्याच नावाचे गाणे यांची चाल एकच आहे. ध्वनिमुद्रणे मात्र दोन आहेत. मिश्रणात शब्द ऐकू येत असतील तर निर्णय सोपा असतो. केवळ ठेका वाजत असेल, तर चाल ओळखीची वाटली म्हणून मराठी गाण्याचे नाव लिहून टाकणे चुकीचे ठरू शकते. अशा वेळी दोन्ही नावे देऊन निर्णय झाला नसल्याचे नमूद करणे योग्य ठरते.

## ओळखण्याची पद्धत

प्रथम मिश्रणाचे ध्वनिमुद्रण मिनिट-सेकंदांनुसार भागांत विभागतात. आवाज, ठेका किंवा मुख्य वाद्य बदलले की नवा भाग धरतात आणि प्रत्येक भागात आवाज, वाद्यसंगीत व ठेका असे स्वतंत्र रकाने करतात. समारंभात मोबाइलवर घेतलेल्या ध्वनिमुद्रणात खर्जाचे स्वर फाटलेले असतात. म्हणून सुरुवात गायनापासून करणे सोयीचे असते. सलग ऐकू येणारे पाच-सहा शब्द लिहून घेतले, की शोधयंत्रावर गाण्याचे नाव सहसा सापडते.

शब्द नसलेल्या भागांसाठी शझॅमसारख्या सेवांचा उपयोग होतो. ही सेवा २००२ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली आणि तिची पद्धत अ‍ॅव्हरी वाँग यांनी २००३ मध्ये एका शोधनिबंधात मांडली. या पद्धतीत आवाजातील सर्वांत ठळक कंपनसंख्यांचे बिंदू निवडून त्यांच्या जोड्या केल्या जातात. जोडीतील दोन कंपनसंख्या आणि त्यांमधील काळाचे अंतर मिळून एक खूण तयार होते. अशा अनेक खुणा साठ्यातील एखाद्या ध्वनिमुद्रणाशी त्याच क्रमाने जुळल्या, की त्याचे नाव दिले जाते. गर्दीच्या गोंगाटातही ठळक बिंदूंपैकी काही शिल्लक राहतात, त्यामुळे समारंभातही ही पद्धत चालते. मात्र दोन गाणी एकावर एक वाजत असतील, तर उत्तर बहुधा अधिक ठळक थराचेच येते. म्हणून एकाच भागाची तपासणी निरनिराळ्या ठिकाणांहून अनेकदा करतात.

मिळालेले नाव हा केवळ अंदाज मानतात. ते गाणे मिळवून मिश्रणाशेजारी वाजवतात आणि श्वास घेण्याची जागा, एखादी हरकत, तालवाद्यावरील उठाण अशा बारीक खुणा पडताळतात. शब्द जुळले पण या खुणा जुळल्या नाहीत, तर ते बहुधा दुसऱ्या गायकाने गायिलेले ध्वनिमुद्रण असते.

## लय व पट्टीतील बदल

दोन गाण्यांचे ठोके जुळावेत म्हणून डीजे मूळ गाण्याची गती बदलतो. गती वाढवताना पट्टी स्थिर ठेवली नाही, तर स्वरही चढतात. वेग सुमारे ६ टक्के वाढला तर पट्टी एका अर्धस्वराने वर जाते. म्हणजे पांढरी एकमधील गाणे काळी एकमध्ये ऐकू येते. अशा वेळी कंपनसंख्या आणि काळाचे अंतर दोन्ही बदलल्यामुळे वरील खुणा जुळत नाहीत आणि सेवा उत्तर देत नाही.

यावर उपाय म्हणजे तुकडा मूळ गतीला आणून पुन्हा तपासणे. मिश्रणात मिनिटाला १२८ ठोके असतील आणि मूळ गाण्यात १२० असल्याचा अंदाज असेल, तर १२० ला १२८ ने भागून ०.९३७५ हे गुणोत्तर मिळते. म्हणजे वेग ६.२५ टक्क्यांनी कमी करावा लागतो. डीजेने पट्टी स्थिर ठेवली असेल, तर पट्टीला हात न लावता केवळ लय कमी करावी लागते. कोणता प्रकार आहे हे गायकाच्या आवाजावरून कळते: ओळखीचा आवाज बारीक, लहान मुलासारखा वाटला तर पट्टीही चढलेली असते.

## उदाहरण: द ग्रे अल्बम

डेंजर माउस या अमेरिकी संगीतकाराने २००४ मध्ये केलेल्या 'द ग्रे अल्बम'मध्ये जे-झी यांच्या 'द ब्लॅक अल्बम' (२००३) मधील केवळ आवाज घेऊन तो बीटल्सच्या १९६८ च्या, 'व्हाइट अल्बम' या नावाने परिचित असलेल्या संग्रहातील संगीतावर बसवला आहे. त्यातील '९९ प्रॉब्लेम्स' या गाण्याची सूची करताना पुढील चार प्रश्न येतात.

| गाणे | मिश्रणाशी संबंध | सूचीतील स्थान |
|---|---|---|
| जे-झी, '९९ प्रॉब्लेम्स' | आवाज | प्रत्यक्ष स्रोत |
| बीटल्स, 'हेल्टर स्केल्टर' | वाद्यसंगीत | प्रत्यक्ष स्रोत |
| आइस-टी, '९९ प्रॉब्लेम्स' (१९९३) | ध्रुवपदातील शब्द जे-झी यांनी पुन्हा म्हटलेले | रचनेचा स्रोत |
| बिली स्क्वायर, 'द बिग बीट' | जे-झी यांच्या मूळ गाण्यातील ठेका | समावेश नाही |

शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. रिक रुबिन यांनी जे-झी यांच्या मूळ गाण्याच्या संगीतात 'द बिग बीट'चा ठेका वापरला होता, म्हणून व्हूसॅम्पल्डसारख्या कोशात मूळ गाण्यासमोर त्याचे नाव आढळते. डेंजर माउसने मात्र ते संगीत काढून फक्त आवाज ठेवला. कोशातील नोंद तशीच उतरवून घेणारा सूचीत न वाजणारे गाणे घालतो. उलट आइस-टी यांचे ध्वनिमुद्रण मिश्रणात कुठेही नाही, तरी त्यांचे शब्द आहेत. त्यांचे नाव गाळल्यास मूळ कवीचे श्रेय हरवते.

हा भेद हक्कांच्या दृष्टीनेही उपयोगी पडतो, कारण ध्वनिमुद्रणाचा हक्क आणि रचनेचा हक्क बहुधा वेगवेगळ्या धन्यांकडे असतो. या संग्रहाचे वितरण थांबवण्याची सूचना ईएमआय या कंपनीने दिली होती. तिच्या निषेधार्थ २४ फेब्रुवारी २००४ रोजी अनेक संकेतस्थळांनी तो एक दिवस विनामूल्य उपलब्ध करून दिला.

## मर्यादा

सर्व थर ओळखता येतीलच असे नाही. डीजेने स्वतः वाजवलेला ठेका, विकत मिळणाऱ्या तयार तुकड्यांच्या संचातील ढोल-ताशा किंवा अद्याप अप्रकाशित गाणे यांची खूण कोणत्याही साठ्यात नसू शकते. १००१ ट्रॅकलिस्ट्स या संकेतस्थळावर अशा अनोळखी गाण्याची नोंद `ID - ID` अशी करतात, तर एकाच वेळी वाजणाऱ्या गाण्यापुढे `w/` लिहितात. जागा मोकळी सोडण्याचा हा प्रघात अंदाजाने नाव भरण्यापेक्षा बरा, कारण एका सूचीतील चुकीचे नाव पुढे इतर सूचींत उतरवले जाते आणि मग ते अनेक ठिकाणी आढळते म्हणून खरे मानले जाते.

## हे सुद्धा पहा

* रीमिक्स
* डीजे
* स्वामित्वहक्क
* ध्वनिमुद्रण