घाटात माल नेणारी गाडी घेताय? टॉर्क, गिअर आणि ब्रेक असे तपासा

बिडकीन : पैठण रोडवर गाडी चालवणाऱ्याला चढ-उतार फारसा माहीत नसतो. बिडकीनहून संभाजीनगर असो की पैठण, भरलेली पिकअपसुद्धा टॉप गिअरमध्ये आरामात पळते. पण हाच माल चाळीसगाव, धुळ्याकडे न्यायचा झाला की वाटेत कन्नडचा औट्रम घाट लागतो. दरडी, अरुंद वळणं आणि तासन्‌तास होणारी कोंडी यासाठी हा घाट सगळ्यांना ठाऊक आहे. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस दरडी कोसळून तो बंद पडला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानुसार जड वाहनांना इथे बंदी झाली. घाटातून माल न्यायचं काम त्यामुळे जास्त करून पिकअपसारख्या हलक्या गाड्यांवर आलं.

शोरूममध्ये गेलं की आधी मायलेज, हप्ता आणि हौद्याची लांबी विचारली जाते. घाटात जाणार असाल तर त्याआधी तीन गोष्टी बघा. भरलेली गाडी कोणत्या गिअरमध्ये चढते, त्याच गिअरमध्ये ती उतारावर स्वतःला रोखते का, आणि तापल्यावर तिचे ब्रेक कसे वागतात.

चढाला किती ताकद लागते?

एक हिशोब करू. माल, ड्रायव्हर धरून गाडीचं एकूण वजन ३,००० किलो आहे आणि चढ १५ ला १ आहे, म्हणजे १५ मीटर पुढे गेल्यावर रस्ता १ मीटर वर जातो. अशा चढावर वजनाचा पंधरावा भाग, म्हणजे २०० किलो, गाडीला सतत मागे ओढतो. टायर आणि रस्ता यांचा अडथळा साधारण ४५ किलो धरा. म्हणजे इंजिनला चाकांमार्फत २४५ किलोचा जोर न थांबता लावत राहायचं आहे.

हा जोर कुठून येतो ते सांगणारा आकडा म्हणजे टॉर्क, इंजिनची पिळण्याची ताकद. हॉर्सपॉवर किती वेगाने काम होईल ते सांगते, टॉर्क किती ओझं हलेल ते सांगतो. माहितीपत्रकात तो ‘न्यूटन मीटर’मध्ये लिहिलेला असतो. समजा आपल्या डिझेल पिकअपचा टॉर्क १९५ आहे. चाकाच्या आकाराप्रमाणे वरचा २४५ किलोचा जोर लावायला चाकावर सुमारे ७९० टॉर्क हवा. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल मिळून इंजिनचा टॉर्क वाढवतात. उदाहरणातल्या गाडीत चौथ्या गिअरला तो साडेचारपट होतो, तिसऱ्याला ६.३ पट. वाटेत घर्षणात दहावा हिस्सा जातो. हिशोब केला तर चौथ्यात चाकावर ७९० मिळतात, तिसऱ्यात सुमारे १,१००.

म्हणजे चौथ्यात गाडी जेमतेम तग धरेल. पुढे ट्रक आला, पाय थोडा सुटला की वेग पडणार आणि परत उचलणार नाही. तिसऱ्यात मात्र हाताशी शिल्लक राहते, वेगही तासी ४० च्या आसपास मिळतो. ही गाडी या चढाला तिसऱ्याची आहे.

आता याच गाडीत ७०० किलो जास्तीचा माल टाका. लागणारा टॉर्क ९८० च्या जवळ जातो. तिसऱ्यात अजून चढेल, पण शिल्लक फार थोडी उरते. एखाद्या तीव्र वळणावर दुसरा टाकावाच लागेल. ‘चढली ना गाडी’ म्हणून आपण ओव्हरलोड खपवून घेतो, पण त्याची खरी किंमत उतारावर कळते.

टॉर्क किती यापेक्षा कितीवर मिळतो

माहितीपत्रकात टॉर्कच्या पुढे आरपीएम लिहिलेला असतो, म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे. तो जरूर वाचा. टर्बो डिझेलमध्ये पूर्ण टॉर्क साधारण १,४०० ते २,२०० फेऱ्यांच्या पट्ट्यात मिळतो. पेट्रोल आणि सीएनजीच्या लहान गाड्यांमध्ये टॉर्क कमी असतो आणि तो मिळवायला इंजिन जास्त फिरवावं लागतं. त्याच गाडीला सीएनजीवर पेट्रोलपेक्षा थोडा दम कमीच असतो.

याचा अर्थ सीएनजी गाडी घाट चढत नाही असा नाही. तिला खालच्या गिअरमध्ये, इंजिन ओरडवत चढवावं लागतं. महिन्यातून एखादी फेरी असेल तर चालतं. आठवड्यातून तीन फेऱ्या भरून असतील तर कमी फेऱ्यांवर टॉर्क देणारं इंजिन बरं. टर्बो डिझेलचीही एक सवय लक्षात ठेवा. फेरे १,४०० च्या खाली गेले की टर्बो झोपतो. गाडी धडधडायला लागली, ॲक्सिलरेटर दाबूनही उचल येईना, की गिअर आधीच पाडायला हवा होता असं समजा. तसंच रेटत नेलं तर इंजिन तापतं.

उतारावर ब्रेकवर काय बेततं

हीच ३,००० किलोची गाडी ३०० मीटर उंचीवरून खाली आणायची आहे. नुसत्या ब्रेकवर आणली तर तेवढी सगळी शक्ती चार चाकांच्या ब्रेकमध्ये उष्णता होऊन जिरते. ही उष्णता किती? साधारण २८ लिटर थंड पाणी उकळायला लागेल एवढी. थोडी वाऱ्यावर निघून जाते, उरलेली पॅड, लायनर आणि ड्रममध्ये साठते.

तापलेला ब्रेक दोन प्रकारे दगा देतो, आणि पायाखाली त्यातला फरक कळतो. पहिल्या प्रकारात पेडल नेहमीसारखं कडक लागतं, पण गाडी थांबत नाही. पॅड-लायनर तापून त्यांची पकड गेलेली असते, जळका वासही येतो. दुसऱ्या प्रकारात पेडल मऊ पडून खाली जातं. तिथे ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झालेली असते आणि वाफ दाबली जाते, जोर चाकापर्यंत पोचत नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. नवीन डॉट-३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट-४ किमान २३० पर्यंत. पाणी मुरल्यावर हीच हद्द अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. म्हणून पातळी बरोबर असली तरी दोन वर्षांनी ऑइल बदलायचं. जुनी गाडी घेताना ‘ब्रेक ऑइल कधी बदललं’ हे विचाराच. झाकणावर जो डॉट नंबर लिहिलाय तोच वापरा.

जुन्या पिकअपमध्ये आणखी एक गोष्ट बघा. ओव्हरलोडसाठी मागे पाटे वाढवलेत का? बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ वजन ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी जेवढी खाली बसते तेवढा तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. पाटे वाढवले की भरलेली गाडीही खाली बसत नाही. व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. माल जास्त आणि ब्रेक कमी, अशी ती गाडी होते. पाटे वाढवलेले असतील तर व्हॉल्व्हची सेटिंग कंपनीच्या मेकॅनिककडून तपासल्याशिवाय व्यवहार करू नका.

गिअर हाच उताराचा पहिला ब्रेक

ॲक्सिलरेटर सोडला की गिअरमधली गाडी इंजिनला फिरवते आणि इंजिन तिला मागे धरतं. जेवढा खालचा गिअर तेवढी ही पकड जास्त. आपल्या उदाहरणातल्या गाडीत तेवढ्याच फेऱ्यांवर दुसऱ्या गिअरची पकड तिसऱ्याच्या दीडपटीहून जास्त भरते. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात की ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. दर थोड्या अंतरावर ब्रेक दाबावा लागत असेल तर आणखी एक गिअर खाली. हा गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा. वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही आणि त्या गडबडीत गाडी न्यूट्रल राहिली तर सगळा भार ब्रेकवर येतो.

डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतरण्याची सवय यासाठीच जिवावर बेतते. इंजिन बंद केलं तर आणखी वाईट. ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनवर चालतो. दोन-चार वेळा दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं, पॉवर स्टिअरिंगही जड होतं. खरं तर ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये उतरताना आजच्या गाड्यांचं इंजिन इंधन जवळपास घेतच नाही.

घरच्या वापरासाठी क्लच नसलेली एएमटी कार घेणाऱ्यांनी एवढं बघावं. चढावर ती तिसरा टाकू की दुसरा अशा घोळात पडते, आणि उतारावर ॲक्सिलरेटर सोडताच वरचा गिअर टाकू शकते. म्हणून हाताने गिअर धरून ठेवायची सोय आहे का, आणि चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी क्षणभर धरून ठेवणारं ‘हिल होल्ड’ आहे का, हे विचारा. घाटात एएमटी हाताच्या मोडवरच चालवा.

घ्यायच्या आधीची चाचणी

सपाट रोडवर दोन किलोमीटर चालवून यातलं काहीच कळत नाही. बिडकीनकरांना जवळचा चढ दौलताबाद-खुलताबाद घाटात आणि पुढे म्हैसमाळला मिळतो. शोरूमवाले गाडी तिथे देत नसतील तर तेच मॉडेल वापरणाऱ्या ओळखीच्या माणसासोबत एक फेरी करा. गाडीत पासिंगएवढं वजन असू द्या.

१. चढावर, रस्ता मोकळा बघून, गाडी थांबवा आणि हँडब्रेक ओढा. भरलेली गाडी जागेवर राहिली पाहिजे. मग पहिल्यात उचला. क्लच जळल्याचा वास न येता गाडी निघाली पाहिजे.

२. कोणत्या गिअरमध्ये न धडधडता चढते ते बघा. तापमानाचा काटाही बघत राहा.

३. उतरताना तोच गिअर ठेवा. ब्रेक किती वेळा लागला ते मोजा. ब्रेक धरून ठेवू नका, दाबून वेग कमी करा आणि सोडा.

४. खाली आल्यावर गाडी सुरक्षित जागी उभी करून पेडल दाबा. वर जेवढं खाली जात होतं तेवढंच गेलं पाहिजे. चारही चाकांजवळ वास घ्या, पण ड्रमला हात लावू नका. एकाच चाकाजवळ वास येत असेल तर तो ब्रेक अडकतोय.

शेवटी आरसी बुकावरचं एकूण वजन वाचा. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतं ते तुमचं माल न्यायचं वजन. ब्रेक आणि गिअर त्याच आकड्यासाठी बनवलेले असतात. तुमचा नेहमीचा माल त्याहून जास्त भरत असेल तर मोठी गाडी घ्या किंवा फेऱ्या वाढवा. आणि औट्रम घाटातून निघण्याआधी त्या दिवशी आपल्या वाहनाला रस्ता चालू आहे का, हे पोलिसांकडून विचारून घ्या.