लिव्हरची सहा महिन्यांची सोनोग्राफी आणि एएफपीचा वाढलेला आकडा

सिरोसिस झालेल्या किंवा हेपॅटायटिस बी असलेल्या माणसाला डॉक्टर दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करायला सांगतात. एक-दोनदा रिपोर्ट चांगला आला की बरेच जण तपासणी सोडून देतात. काही जण फक्त रक्ताची एएफपी चाचणी करून समाधान मानतात. ही तपासणी कोणासाठी आहे आणि या आकड्याचा अर्थ काय, ते पाहू.

सिरोसिस कोणत्याही कारणाने झालेला असो, ही तपासणी लागतेच. हेपॅटायटिस सी औषधाने पूर्ण बरा झाला तरी सिरोसिस राहतो, म्हणून तपासणीही चालूच ठेवायची. हेपॅटायटिस बीची गोष्ट वेगळी आहे. हा विषाणू यकृताच्या पेशींच्या जनुकांत शिरतो, त्यामुळे सिरोसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो. म्हणूनच आपल्याकडच्या, म्हणजे आशियाई वंशाच्या, बी वाहकांमध्ये पुरुषांना साधारण ४० आणि स्त्रियांना ५० वर्षांनंतर ही तपासणी सांगतात. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला लिव्हरचा कॅन्सर झाला असेल तर त्याआधीच सुरू करतात.

सहा महिनेच का? लिव्हरमधली कॅन्सरची गाठ दुप्पट व्हायला सर्वसाधारणपणे चार ते सहा महिने लागतात. वर्षभर थांबलो तर लहान गाठ मोठी होऊन उपचाराची वेळ निघून जाऊ शकते. गाठ दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत असताना माणसाला काहीच त्रास होत नाही, पण पूर्ण बरं होण्याची संधी त्याच वेळी सर्वांत जास्त असते.

आता एएफपी, म्हणजे अल्फा-फिटोप्रोटीन. मोठ्या माणसाच्या रक्तात हे प्रथिन साधारण १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी असतं. २० च्या वर गेलं की पुढची तपासणी करतात. पण हा आकडा म्हणजे कॅन्सरचा दाखला नव्हे. लिव्हरला सूज येऊन पेशी नव्याने तयार होत असल्या तरी तो वाढतो, गरोदरपणातही वाढतो. उलट, कॅन्सर असूनही अनेकांचा एएफपी नॉर्मलच येतो, विशेषतः गाठ लहान असताना.

समजा, ५४ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. त्यांना हेपॅटायटिस बीमुळे सिरोसिस आहे. जानेवारीत सोनोग्राफी साफ, एएफपी ६. जुलैमध्ये सोनोग्राफी साफच, पण एएफपी ३८. घरचे घाबरले. डॉक्टरांनी एसजीपीटी पाहिला, तो २१० होता. विचारल्यावर कळलं की त्यांनी विषाणूची गोळी दोन महिने बंद केली होती. गोळी पुन्हा सुरू झाली. तरीही आकडा २० च्या वर असल्यामुळे ट्रिपल फेज सीटी स्कॅन केला, त्यात गाठ दिसली नाही. तीन महिन्यांनी एसजीपीटी उतरला आणि एएफपी ९ वर आला. म्हणजे तो आकडा सुजेमुळे वाढला होता. सूज उतरूनही आकडा चढतच गेला असता, तर मामला वेगळा होता.

पुढच्या जानेवारीत एएफपी ८ आला. "आकडा नॉर्मल आहे, सोनोग्राफी कशाला?" असं त्यांना वाटलं, पण मुलाने आग्रहाने नेलं. उजव्या भागात १.४ सेंटीमीटरची गाठ दिसली. सीटीत औषध धमनीतून पोहोचताच गाठ चमकली आणि काही क्षणांनी आजूबाजूच्या यकृतापेक्षा फिकी पडली. सिरोसिस किंवा हेपॅटायटिस बी असलेल्या माणसात एवढी खूण कॅन्सरचं निदान करायला सहसा पुरेशी असते, बायोप्सी लागत नाही. एवढी लहान गाठ सुईने जाळून किंवा ऑपरेशनने काढता येते. गाठ एक सेंटीमीटरपेक्षा लहान असती, तर लगेच सीटी न करता साधारण तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली असती.

सोनोग्राफीलाही मर्यादा आहेत. पोटावर चरबी जास्त असेल, लिव्हर फॅटी असेल किंवा आतड्यात गॅस असेल, तर डायफ्रामखालचा वरचा भाग नीट दिसत नाही. म्हणून सहा तास उपाशीपोटी जावं, जुने रिपोर्ट सोबत न्यावेत आणि सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना सिरोसिस किंवा हेपॅटायटिस बी असल्याचं आधीच सांगावं. "लिव्हर पूर्ण दिसले नाही" असं रिपोर्टमध्ये लिहिलं असेल, तर तो साफ रिपोर्ट समजू नये. तो आपल्या डॉक्टरांना दाखवून सीटी किंवा एमआरआय लागेल का, हे विचारावं.