बाळाची प्रसाधने : निवड व लेबलवाचन

बाळाचा बॉडी वॉश, लोशन किंवा सनस्क्रीन निवडताना बाटलीच्या पुढच्या चित्रापेक्षा मागची घटकयादी कामाची. भारतात ती सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार छापली जाते. १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने येतात. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर, पण कोणत्याही क्रमाने. ही सीमा कुठे पडते ते छापलेले नसते. ती ओळखायला फिनॉक्सीइथेनॉल हा टिकाऊपणासाठीचा घटक उपयोगी पडतो, कारण त्याची कमाल मर्यादाच १ टक्का आहे. त्याच्यानंतर येणारे सगळे १ टक्क्याच्या आतले.

समजा, रोडपालीतील (पनवेल) एखाद्या मेडिकलमध्ये ‘बदाम व दुधाचे’ लोशन हाती आले. यादी अशी : पाणी, ग्लिसरीन, मिनरल ऑइल, सेटिल अल्कोहोल, फिनॉक्सीइथेनॉल, बदाम तेल, दुधाचे प्रथिन, परफ्यूम. त्वचेत ओलावा टिकवण्याचे काम इथे ग्लिसरीन आणि मिनरल ऑइल करतात, बदाम-दूध नावापुरते. सेटिल अल्कोहोल हा मऊपणा देणारा मेणासारखा पदार्थ, त्याला घाबरण्याचे कारण नाही. खटकावा तो शेवटचा शब्द. परफ्यूम या एका शब्दाखाली अनेक सुगंधी द्रव्ये असू शकतात आणि ॲलर्जीचे ते नेहमीचे कारण. इसब असलेल्या बाळासाठी बिनवासाचेच घ्यावे. रोडपालीच्या दमट उन्हाळ्यात दाट क्रीम चोपडल्यास घामोळे वाढते. तेव्हा पातळ लोशन, तेही कोरड्या जागीच.

वॉश किंवा वडीच्या यादीत सोडियम पामेट, सोडियम पाम कर्नेलेट ही नावे सुरुवातीलाच असतील तर तो साबणच, पुढे ‘बेबी’ लिहिलेले असले तरी. साबणाचा सामू साधारण ९ ते १०, तर त्वचेचा ५.५ च्या आसपास. डेसिल ग्लुकोसाइड, कोकामिडोप्रोपिल बीटेन किंवा सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट असलेले पर्याय सौम्य. सामू लेबलवर बहुधा नसतो. मुलुंडच्या कारखान्यातील जॉन्सन बेबी पावडरचा परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये सामूच्याच मुद्द्यावर रद्द केला. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्दबातल ठरवला.

सहा महिन्यांखालील बाळाला सनस्क्रीनऐवजी सावली, टोपी आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे. त्यानंतर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले, एसपीएफ ३० किंवा अधिक. एसपीएफ मुख्यतः यूव्हीबी किरणांपुरता असतो. यूव्हीएसाठी ‘पीए’पुढची अधिक चिन्हे किंवा ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ पाहावे. एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देतात. घरी हात त्याहून आखडता असतो, म्हणून आकड्याइतके संरक्षण मिळत नाही. उन्हात असेपर्यंत दर दोन तासांनी पुन्हा लावावे. स्प्रे टाळावा, तो श्वासात जातो.

नवे लोशन किंवा सनस्क्रीन आधी कोपराच्या आतल्या बाजूस नाण्याएवढ्या जागी आठवडाभर रोज लावून पाहावे. ॲलर्जीचा लालसरपणा पहिल्याच दिवशी दिसेल असे नाही.