झटके खरे, पण अपस्मार नव्हे : 'फंक्शनल सीझर' ओळखायचे कसे?

कुणी आकडी म्हणतं, कुणी फेफरं, कुणी नुसतं 'फिट आली' म्हणतं. इंदूर-ग्वाल्हेरकडे मिरगी हा शब्द रुळलाय. पण अंगाला झटके येऊन माणूस कोसळला म्हणजे तो अपस्मारच असतो, असं नाही. हुबेहूब तसेच दिसणारे, पण अपस्मार नसलेले झटकेही असतात. त्यांना 'फंक्शनल सीझर' किंवा 'डिसोसिएटिव्ह सीझर' म्हणतात. फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर, म्हणजेच एफएनडी, या आजाराचा हा एक प्रकार आहे.

एक उदाहरण

समजा, खानापूर तालुक्यातल्या एका गावात 24 वर्षांची विवाहित तरुणी आहे. भाकऱ्या थापताना तिच्या हातापायांना मुंग्या येतात, छातीत धडधडतं आणि ती खाली कोसळते. डोळे गच्च मिटलेले, मान डावी-उजवीकडे हलतेय, हातपाय आपापल्या लयीत झटके देतायत. मध्येच सगळं थांबतं, पुन्हा सुरू होतं. घरातलं कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी चप्पल. दहा-बारा मिनिटांनी ती रडत रडत भानावर येते.

डॉक्टर फिट्सची गोळी सुरू करतात. दोन वर्षांत एका गोळीच्या तीन होतात, झटके मात्र तेवढेच. मग ईईजी काढला जातो आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. घरात लगेच निकाल लागतो : "रिपोर्टमध्ये काहीच नाही, म्हणजे नाटक करतेय."

या गोष्टीत दोन चुका आहेत. पहिली, आजार नीट न ओळखता गोळ्या वाढवत जाणं. दुसरी, नॉर्मल रिपोर्टचा अर्थ 'सोंग' असा लावणं.

ईईजी नॉर्मल म्हणजे काय?

अपस्मारात मेंदूतल्या पेशींचा एखादा समूह अचानक एकाच वेळी, बेलगाम विद्युतलहरी सोडतो. ईईजी या लहरी नोंदवतो, पण साधा ईईजी जेमतेम अर्ध्या तासाचा असतो आणि त्या वेळात झटका आला नाही तर खऱ्या अपस्मारातही तो नॉर्मल येऊ शकतो. उलट बाजूही आहे. अपस्मार नसलेल्या काही लोकांच्या ईईजीत किरकोळ फरक दिसतात आणि त्यावरून चुकीचं निदान होतं. त्यामुळे दोन झटक्यांच्या मधल्या काळातल्या एकट्या ईईजीवर निकाल लावता येत नाही.

खरा निवाडा होतो तो व्हिडिओ-ईईजीत. रुग्णाला दाखल करून काही तास किंवा काही दिवस कॅमेरा आणि ईईजी एकत्र चालू ठेवतात आणि झटका येण्याची वाट पाहतात. या तरुणीचा झटका त्यात नोंदवला गेला, तर डोळे मिटलेले, हाक मारली तरी उत्तर नाही, पण मेंदूच्या लहरी मात्र जाग्या माणसाने शांतपणे डोळे मिटल्यावर दिसतात तशा, असं चित्र दिसेल. अंगभर झटके देणाऱ्या अपस्मारात असं होत नाही. तिथे झटक्यात लहरी बिघडतात आणि झटका ओसरल्यावर काही वेळ मंदावतात. घेरी येऊन शुद्ध हरपली तरी लहरी मंदावतात. म्हणजे इथला नॉर्मल ईईजी 'काहीच नाही' असं सांगत नाही, तो नेमक्या एका आजाराकडे बोट दाखवतो.

घरच्यांनी काय पाहावं?

व्हिडिओ-ईईजीची सोय मोठ्या शहरांतच असते. पण घरच्यांनी मोबाईलवर काढलेला झटक्याचा व्हिडिओ न्यूरॉलॉजिस्टला फार उपयोगी पडतो. त्यात चेहरा आणि डोळे दिसायला हवेत, आणि शक्यतो झटका सुरुवातीपासून शेवटापर्यंत असावा.

सगळ्यात महत्त्वाची खूण डोळ्यांची. अपस्माराच्या झटक्यात डोळे बहुधा उघडे असतात, फंक्शनल झटक्यात बहुधा मिटलेले, आणि कुणी उघडायला गेलं तर आणखी घट्ट मिटतात. दुसरी खूण वेळेची. अंगभर झटके देणारा अपस्मार साधारण दोन मिनिटांच्या आत थांबतो. त्यानंतर घोरल्यासारखा श्वास आणि बराच वेळ गोंधळलेपण येतं. फंक्शनल झटका अनेकदा जास्त लांबतो आणि मध्ये थांबून पुन्हा सुरू होतो. मान दोन्ही बाजूंना हलणं आणि झटक्यात किंवा नंतर रडू येणं या खुणाही त्याच्याकडे झुकतात. जिभेची कड जोरात चावली जाणं मात्र अपस्माराकडे बोट दाखवतं. कपड्यात लघवी होणं दोन्हींत घडतं, त्यावरून काही ठरत नाही.

यातली कोणतीही एक खूण पुरेशी नाही. मेंदूच्या पुढच्या भागातून उठणारा अपस्मार चमत्कारिक हालचालींचा असतो आणि तोच अनेकदा 'नाटक' ठरवला जातो. शिवाय काही रुग्णांना दोन्ही आजार असतात. त्यामुळे घरच्यांनी पाहायचं आणि सांगायचं, निदान तज्ज्ञाने करायचं.

मग सोंग का नाही?

सोंग माणूस ठरवून घेतो. फंक्शनल झटक्यात शरीर ताब्यात राहत नाही. रुग्ण पडतात, भाजतात, जखमी होतात, नोकरी गमावतात. मेंदूचा भाग तुटलेला किंवा सुजलेला नसतो, पण त्याचं चालणं बिघडलेलं असतं. हातांच्या फंक्शनल थरथरीवर एक छोटा अभ्यास झाला आहे. त्यात त्याच रुग्णांना तशीच थरथर मुद्दाम करायला लावून मेंदूचा स्कॅन काढला. 'ही हालचाल मी करतोय' ही जाणीव घडवण्यात वाटा असलेला मेंदूच्या उजव्या बाजूचा एक भाग खऱ्या थरथरीत कमी काम करत होता. करणारा तोच, पण मेंदूला ती हालचाल आपली वाटत नव्हती.

'टेन्शनमुळे होतंय' हेही अर्धंच उत्तर. काहींच्या आयुष्यात मोठा आघात किंवा छळ असतो, काहींच्या नसतो. मानसोपचारातल्या डीएसएम-5 या नियमावलीने 2013 मध्ये या निदानासाठी मानसिक ताण सापडलाच पाहिजे, ही अट काढून टाकली. अनेकांत झटक्याआधी धडधड, मुंग्या, गरगर अशी भीतीची शारीरिक लक्षणं येतात, पण मनाला भीती जाणवतेच असं नाही.

पुढे काय?

आजाराचं नाव आणि कारण नीट समजावून सांगणं हाच पहिला उपचार. काहींचे झटके तेवढ्यानेही कमी होतात. त्यानंतर सीबीटीसारखी समुपदेशनाची पद्धत वापरतात. झटक्याची चाहूल ओळखायची आणि त्याच क्षणी पायाखालची जमीन, हातातली वस्तू, आजूबाजूचे आवाज यांवर लक्ष आणायचं, हे त्यात शिकवतात. ब्रिटनमध्ये 368 रुग्णांवर झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सीबीटीने वर्षअखेरीस झटक्यांची संख्या इतर रुग्णांपेक्षा ठळकपणे घटली नाही, पण रोजचं जगणं आणि कामकाज सुधारलं.

फिट्सच्या गोळ्या या झटक्यांवर चालत नाहीत, त्रास मात्र देऊ शकतात. व्हॅल्प्रोएटसारखी गोळी गरोदरपणात बाळाला घातक ठरते. तरीही गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. सोबत अपस्मार असेल तर एकदम बंद केल्याने जिवावर बेतू शकतं.

झटका कोणताही असो, घरच्यांनी करायचं तेच. चूल, विस्तव, टोकदार वस्तू दूर करावी, डोक्याखाली मऊ कापड द्यावं, झटका थांबल्यावर कुशीवर वळवावं. तोंडात चमचा नको, पाणी नको, हातपाय दाबून धरणं नको. निदान झालेलं नसेल आणि झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला, तर 108 ला फोन करावा. आणि भानावर आल्यावर "नाटक पुरे" म्हणू नये. झटक्यात अनेकांना आजूबाजूचं बोलणं ऐकू येत असतं.